तिसरीची ६१ मुलं, एक बाई आणि ६०० रुपये: एका बालदिनाचा प्रकरण अभ्यास

शाळा, गाव आणि माणसं ओळखू येणार नाहीत अशी काळजी घेतलीय. जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा, तालुक्याच्या गावाला लागून, ऊसपट्ट्यातली. मी त्याच केंद्रातल्या दुसऱ्या शाळेत शिकवते, आणि तिथल्या तिसरीच्या बाईंसोबत नियोजनाला बसले होते, त्या दिवशी थोडा वेळ तिथे जाऊनही आले. मोठा वर्ग असला की बालदिनाला नेमकं काय अडतं आणि त्यातून वाट कशी काढता येते हे या एका उदाहरणात चांगलं दिसतं म्हणून सविस्तर लिहितेय.

पार्श्वभूमी

२०२४ चा नोव्हेंबर. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच उघडलेली आणि १४ तारीख लगेच गुरुवारी. महाराष्ट्रात हे दरवर्षी थोड्याफार फरकाने असंच होतं, बालदिन दिवाळी सुट्टीच्या तोंडावर नाहीतर शेपटीला येतो, त्यामुळे तयारीला आठवडाभर मिळेल असं धरून चालतच नाही. त्यात २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, म्हणजे शिक्षक निवडणुकीच्या ट्रेनिंगला. तिसरीच्या दोन तुकड्या, एक ३१ ची आणि एक ३० ची, पण दुसऱ्या तुकडीचे सर नेमके १४ लाच ट्रेनिंगला जाणार होते. म्हणून दोन्ही तुकड्या एकत्र, पटावर ६१ मुलं आणि बाई एकट्या.

जागा म्हणजे एक वर्गखोली, जिच्यात तीसेक मुलं सतरंजीवर नीट बसतात, पुढे लांब व्हरांडा आणि बऱ्यापैकी मैदान. पाण्याचे नळ दोनच. हे नळांचं आत्ताच लिहून ठेवते कारण पुढे सगळं गाडं तिथेच अडणार आहे.

मुख्याध्यापकांनी सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या पैशांतून, ६०० रुपये दिले. गावातून काही मागायचं तर आचारसंहिता चालू, एरवी एखादा पुढारी हौसेने सगळ्या शाळेला खाऊ वाटतो, पण या वेळी सरांनी स्पष्ट सांगितलं की कुणाकडूनही काहीही घ्यायचं नाही आणि कुणाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलवायचंही नाही. बाईंना खरं तर हे बरंच वाटलं, कारण पाहुणे आले की मुलं दीड तास उन्हात बसून भाषण ऐकतात.

अडचण नक्की काय होती

पहिल्यांदा बोलणं झालं तेव्हा बाईंचं म्हणणं होतं की पैसे कमी आहेत, ६०० रुपयांत ६१ मुलांचं काय करणार. पण आम्ही मागच्या वर्षीच्या कार्यक्रमाचा हिशोब घालायला बसलो तेव्हा पैशापेक्षा वेगळीच गोष्ट दिसली.

मागच्या वर्षी लिंबू-चमचा घेतला होता. तो जवळजवळ फुकटचा खेळ, चमचे मुलांनी घरून आणलेले. एका वेळी सहा मुलं पळतात. ६१ मुलांच्या अकरा फेऱ्या होतात, आणि मुलं उभी करणं, लिंबू पडलं की भांडण मिटवणं, पहिला कोण ते ठरवणं धरून एका फेरीला तीन-चार मिनिटं सहज जातात. म्हणजे पाऊण तासाच्या आसपास खेळ चालतो आणि त्यात एका मुलाच्या वाट्याला पळायला येतं अर्धा-पाऊण मिनिट. बाकीचा वेळ ते मूल रांगेत. आणि आठ वर्षांचं मूल रांगेत चाळीस मिनिटं उभं राहिलं तर काय करतं ते तुम्हाला माहितीय, पुढच्याची वेणी ओढतं, माती उधळतं, मग बाई ओरडतात, आणि बालदिनाला सर्वात जास्त ओरडा मुलांनाच बसतो.

संगीत खुर्चीचं आणखी वाईट. या शाळेत खुर्च्या नाहीतच, बस्करं मांडून खेळतात, पण मुद्दा तो नाही. त्या खेळात जो पहिल्यांदा बाद होतो त्याला सर्वात जास्त वेळ बघत बसावं लागतं, आणि पहिल्यांदा बाद होणारी मुलं बहुतेक तीच असतात, जी हळू आहेत, लाजरी आहेत, नवीन आलीयत.

म्हणून नियोजन करताना एकच प्रश्न धरून चालायचं ठरवलं: एका वेळी किती मुलांच्या हाताला काम आहे? पैसे किती लागतात हा प्रश्न दुसरा. एखादी गोष्ट फुकट असेल पण एका वेळी सहाच मुलं करत असतील तर मोठ्या वर्गात ती परवडत नाही.

दुसरी अडचण मुलांच्या आकड्याची. नोव्हेंबरात कारखाने सुरू व्हायच्या बेतात असतात, ऊसतोडीच्या टोळ्या येऊन उतरतात आणि त्यांची काही मुलं शाळेत येऊन बसतात, ज्यांची नावं अजून हजेरीपटावर नसतात. आणि कार्यक्रम आहे असं कळलं की मोठ्या बहिणीच्या बोटाला धरून अंगणवाडीतली भावंडंही येतात. उलट दिवाळीला मामाकडे गेलेली काही अजून परतलेली नसतात. त्यामुळे ६१ हा आकडा पटावर आहे एवढंच, त्या दिवशी पन्नास येतील की सत्तर हे सकाळी परिपाठ झाल्याशिवाय कळणार नव्हतं. ज्या उपक्रमात आधी नावानिशी जोड्या लावाव्या लागतात किंवा मोजून वस्तू आणावी लागते तो इथे फसणार हे उघड होतं.

कोणकोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय नेहमीचा, म्हणजे स्टेज कार्यक्रम. दोन नृत्यं, चार भाषणं, वेशभूषा. याला तयारीला वेळ नव्हता, आणि वेळ असता तरी फार तर वीस मुलं स्टेजवर आणि चाळीस खाली टाळ्या वाजवायला. वेशभूषेचा खर्च पालकांवर पडतो, भाड्याच्या ड्रेसला किती पैसे मोजावे लागतात आणि कुणाचे आईवडील ते मोजू शकतात हे वर्गातल्या प्रत्येक मुलाला कळत असतं. तो लगेच बाजूला ठेवला. फक्त परिपाठात दोन मुलांनी दोन-दोन मिनिटं बोलायचं ठेवलं, कारण पंडित नेहरूंचा जन्म १४ नोव्हेंबर १८८९ चा आणि १९६४ साली ते गेल्यावर हा दिवस आपल्याकडे बालदिन म्हणून ठरला, एवढं तरी मुलांना माहीत असावं.

दुसरा, चित्रकला आणि खेळाच्या स्पर्धा आणि पहिल्या तिघांना बक्षीस. ६०० रुपयांत बक्षिसं आली असती. पण मग सगळे पैसे तीन-चार मुलांवर जातात. बाईंनीच हा पर्याय काढला होता आणि त्यांनीच खोडला.

तिसरा पर्याय मला फार आवडला होता, तो म्हणजे चार कोपरे. पंधरा-पंधरा मुलांचे चार गट, एका कोपऱ्यात ठसेकाम, एकात कागदकाम, एकात गोष्ट, एक मैदानावर, आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी गट फिरवायचे. पुस्तकात हे छान दिसतं. पण याला प्रत्येक कोपऱ्यावर एक मोठं माणूस लागतं, निदान रंगाच्या आणि मैदानाच्या तरी. बाईंनी चौकशी केली तर शाळा व्यवस्थापन समितीतल्या एक ताई येईन म्हणाल्या आणि गावातली डी.एड. झालेली एक मुलगी. बाकीच्या आया शेतात. म्हणजे बाई धरून तिघी. शिवाय तीन वेळा गट फिरवणं म्हणजे तीन वेळा साठ मुलांची हलवाहलव, आणि एका हलवाहलवीला पाच-सात मिनिटं कुठेच गेली नाहीत. निर्णयाची खरी जागा ही होती. तीन मोठ्या माणसांवर चार कोपरे चालवायचे आणि चौथा मुलांवर सोडायचा, की रचनाच साधी करायची? बाईंनी रचना साधी केली आणि मला आजही तेच बरोबर वाटतं.

शेवटी ठरलं ते असं: सुरुवातीला सगळ्यांनी मिळून पेपरची टोपी, मधे वर्गाचे दोन भाग करून एक भाग व्हरांड्यात आणि एक मैदानावर, मग अदलाबदल, आणि शेवटी परत सगळे एकत्र. म्हणजे हलवाहलव कमी, आणि कुठल्याही वेळी मुलं जास्तीत जास्त दोन ठिकाणी. बाई व्हरांड्यात, डी.एड. वाली ताई मैदानावर, समितीच्या ताई पाण्यावर आणि लहान भावंडांवर.

घरून काही आणायला सांगायचं का यावरही बोलणं झालं. दिवाळीचा फराळ घरोघरी उरलेला असतो, थोडा थोडा चिवडा आणला तरी खाऊचा प्रश्न मिटतो असं एकीने सुचवलं. पण टोळीवरच्या पोरांच्या घरी फराळ कुठून येणार, आणि डबे उघडले की कुणाकडे काय ते दिसतंच. म्हणून घरून फक्त दोन गोष्टी मागवल्या, जुना पेपर आणि शक्य असेल त्याने शेतातली जून भेंडी. ज्याच्याकडे नसेल त्याने नाही आणली तरी चालेल असं ठेवलं.

काय केलं

टोपीपासून सुरू करते कारण त्यात एक युक्ती होती जी मोठ्या वर्गात कुठेही वापरता येईल.

पेपरची टोपी सगळ्यांना येते असं आपल्याला वाटतं, पण साठ मुलांना एकदम समोर उभं राहून दाखवलं तर मागच्या तीन ओळींना काही दिसत नाही आणि दुसऱ्या घडीपासूनच "बाई, आता काय करायचं" सुरू होतं. म्हणून बाईंनी आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत दहा मुलांना बोलावून टोपी शिकवली. मुद्दाम सगळी हुशार मुलं घेतली नाहीत, त्यात एरवी मागे राहणारीही तीन-चार होती. दहाही जणांना न बघता टोपी करता येईपर्यंत सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी हे दहा जण गटप्रमुख, प्रत्येकाभोवती पाच-सहा मुलं गोल करून बसलेली. इतक्या लहान गोलात सगळ्यांना हात दिसतात.

टोपीच्या मापाचंही सांगते, कारण आमची पहिली टोपी बाईंच्या सुद्धा डोळ्यावर आली. पेपरचा पूर्ण जोडपानी कागद घेतला की टोपी फारच मोठी होते. त्याचं मधून फाडून एक सुटं पान घ्यायचं. ते आडवं मधोमध दुमडायचं, घडी वरच्या बाजूला ठेवायची, वरचे दोन्ही कोपरे मधल्या रेषेवर आणायचे, खाली जी दोन पदरी पट्टी उरते त्यातला पुढचा पदर वर दुमडायचा. मग कागद उलटा करायचा आणि दोन्ही बाजू साधारण दोन-दोन बोटं आत घ्यायच्या, आणि त्यावर मागचा पदर वर दुमडायचा. हे बाजूचं आत घेणं बरेच जण विसरतात, पण तिसरीतल्या मुलाच्या डोक्यावर टोपी टिकते ती त्यामुळेच. डोकं लहान असेल तर तीन बोटं घ्यायची. साठ-सत्तर पानांना मिळून अर्धा-पाऊण किलो रद्दी पुरते, म्हणजे खर्च शून्य. फाटतील म्हणून दहा-बारा पानं जास्तीची ठेवली होती, आणि ती सगळी लागली.

टोप्या झाल्यावर गटप्रमुखांनी हाताची बोटं दाखवून मोजणी सांगितली. त्या दिवशी पटावरची ५६ आलेली, टोळीवरची ३ आणि लहान भावंडं ४, एकूण ६३. पुढचं सगळं या आकड्यावर चाललं.

मग दोन भाग. व्हरांड्यात भेंडीचे ठसे. कोवळी भेंडी घेतली तर दाबली की चेपते आणि ठसा चिखलासारखा येतो, म्हणून जून, कडक झालेली भेंडी लागते, जी तशीही कुणी भाजीला घेत नाही. देठापासून दोन बोटांवर आडवी कापायची, देठाकडचा भाग मुलांना धरायला चांगला आणि कापलेल्या बाजूला पाच पाकळ्यांचं फूल असतं. कापायचं काम बाईंनी आणि शाळेच्या स्वयंपाकी ताईंनी सकाळीच करून ठेवलं, मुलांच्या हातात सुरी कुठेच नव्हती.

रंग पोस्टर कलरच्या तीन बाटल्यांतला, लाल, पिवळा आणि निळा एवढेच. वाटीत रंग ओतून त्यात भेंडी बुडवली की सगळा रंग बियांच्या पोकळ्यांत भरतो आणि कागदावर मोठा ठिपका पडतो, फूल दिसतच नाही. त्यासाठी डब्याच्या झाकणात जुन्या सुती कापडाची चौघडी ठेवली, तिच्यावर दोन चमचे रंग आणि एक चमचा पाणी पसरून मुरू दिलं. भेंडी त्या कापडावर टेकवायची, एकदा पेपरवर दाबून जास्तीचा रंग काढायचा आणि मग चांगल्या कागदावर. कापडावर पाणी चमकताना दिसलं की समजायचं पातळ झालंय, अजून थोडा रंग घालायचा. तीन रंगच ठेवल्याने पैसे वाचले, पण मुलांना आणखी एक मिळालं, पिवळ्यावर निळं पडलं तिथे हिरवं झालं आणि मग व्हरांडाभर एकच ओरडा, बाई हिरवं आलं, बाई जांभळं आलं. कागद म्हणजे मागच्या परीक्षेच्या उरलेल्या प्रश्नपत्रिकांची कोरी बाजू, अर्धी करून.

या कागदाचं भेटकार्ड करायचं होतं आणि ते वर्गातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं. आधी चिठ्ठ्या टाकून नावं काढायचा विचार होता, पण न आलेल्यांची चिठ्ठी कुणाला निघाली तर तो मुलगा रिकामा राहणार, आणि टोळीवरच्या मुलांची चिठ्ठीच नसणार. म्हणून ठरवलं की शेवटी सगळे मोठ्या गोलात बसतील, गाणं म्हणतील, कार्ड उजवीकडे सरकवत जातील आणि गाणं थांबेल तेव्हा हातात असेल ते आपलं. याला नावंही लागत नाहीत आणि नेमका आकडाही.

मैदानावरच्या तीसेक मुलांचे दोन गोल. एका गोलात "मामाचं पत्र हरवलं", दुसऱ्यात "शिवाजी म्हणतो". दोन्ही खेळ मुलांना येतात, नियम सांगण्यात वेळ जात नाही. बदल एवढाच केला की चुकलेला बाद होणार नाही, तो उठून शेजारच्या गोलात जाऊन तिथला खेळ खेळणार. पत्राच्या खेळात तीस मुलांचा एकच गोल केला असता तर एक पळतो आणि एकोणतीस बघतात, पंधराच्या गोलात पाळी लवकर येते, आणि त्यात चुकणाऱ्यांची ये-जा चालू असल्याने कुणी जागेवर चिकटून बसत नाही.

शेवटी भेळ. तेल-गॅस काही नाही, सगळं थंड. ६३ मुलांना अंदाजे २ किलो कुरमुरे, अर्धा किलो शेव, कांदा आणि टोमॅटो किलो-किलो, दहा लिंबं आणि कोथिंबीर. शेंगदाणे मुद्दाम घातले नाहीत, एक तर कुणाला त्रास होत असेल तर टोळीवरच्या मुलांचं आपल्याला काहीच माहीत नसतं, आणि लहान भावंडांच्या घशात अडकायची भीती. खोबरं, चिंचेची चटणी वगैरे पैशात बसलं नाही आणि कुणाला त्याची आठवणही झाली नाही.

भेळेचा निर्णय असा होता की एका मोठ्या घमेल्यात सगळी कालवायची की गटागटात. एकदम कालवली तर साठ मुलांना वाढेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जातात, टोमॅटो-लिंबाचं पाणी सुटतं आणि शेवटच्या ओळीला नुसता लगदा मिळतो. म्हणून दहा गटांना दहा पातेली, ती पोषण आहाराच्या भांड्यांतलीच. प्रत्येक गटप्रमुखाने मोठ्या वाटीने मोजून कुरमुरे नेले, कोथिंबीर मुलांनी हाताने तोडली, लिंबू पिळलं आणि जेवायला बसल्यावरच कालवलं. कांदा-टोमॅटो ताईंनी चिरून दिलेला. नेहमीची खिचडी त्या दिवशी थोडी उशिरा ठेवायचं मुख्याध्यापकांशी आधीच बोलून घेतलं होतं, म्हणजे भेळ तोंडी लावण्याएवढी आणि जेवण चुकलं नाही.

खर्चाचं एका ओळीत: रंगाला १२० रुपये, भेळेला ४३०, एकूण ५५०. मुलामागे नऊ रुपयांच्या आत.

काय झालं

टोप्या पंचवीस मिनिटांत झाल्या. मला वाटलं होतं गटप्रमुख दमदाटी करतील, पण उलट झालं, ते दुसऱ्याच्या हातातून कागद घेऊन स्वतःच घडी घालून द्यायला लागले, म्हणजे मुलं शिकण्याऐवजी टोपी करून घेत होती. बाईंच्या लक्षात आलं तसं त्यांनी एक नियम काढला, प्रमुखाने स्वतःच्याच कागदाला हात लावायचा, दुसऱ्याच्या नाही. लगेच फरक पडला. एरवी वर्गात तोंड न उघडणारा एक प्रमुख "आता दोन बोटं, दोन बोटं घे" म्हणून सांगत होता, ते ऐकून बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

मैदान सर्वात सुरळीत चाललं. टोळीवरच्या तिघांपैकी दोघी "शिवाजी म्हणतो"मध्ये पहिल्याच आज्ञेला चुकल्या, कारण त्यांना तो खेळ माहीत नव्हता, पण चुकणं म्हणजे दुसऱ्या गोलात जाणं असल्याने त्या तिकडे जाऊन पत्राचा खेळ खेळल्या, आणि तिथे त्यांना पळायला भरपूर मिळालं. बाद करायचा नियम असता तर त्या दोघी पाचव्या मिनिटाला झाडाखाली बसलेल्या दिसल्या असत्या.

अडलं ते हात धुण्यापाशी. दोन नळ, पहिल्या भागातल्या तीस मुलांचे हात रंगाने भरलेले, आणि रंगाचा हात धुवायला साध्या हातापेक्षा जास्त वेळ लागतो. अर्धं मिनिट धरलं तरी दोन नळांवर तीस मुलांना आठ मिनिटं होतात, प्रत्यक्षात पंधरा लागली कारण नळाशी पाण्याचा खेळही झाला. तोवर मैदानावरचे परत येऊन व्हरांड्यात उभे आणि दोन्ही भाग एकाच ठिकाणी अडकले. त्या दिवशी गोंधळ म्हणावा असा एवढाच. समितीच्या ताईंनी दुसऱ्या फेरीआधी चार बादल्या भरून घेतल्या, प्रत्येक बादलीशी तांब्या घेऊन एक गटप्रमुख, तो पाणी घालतो आणि बाकीचे हात चोळतात. दुसऱ्या फेरीला सगळं पाच-सहा मिनिटांत आवरलं आणि भेळेआधीचं हात धुणंही त्याच पद्धतीने झालं.

कार्डांच्या गोलात रडारड झाली. एका मुलाचं कार्ड खरंच सुंदर झालं होतं, हिरव्या फुलांची पूर्ण चौकट, आणि ते आईला दाखवायचं म्हणून तो द्यायलाच तयार नव्हता. गाणं थांबल्यावर त्याच्या हातात दुसऱ्याचं आलं आणि तो रडायला लागला. बाईंनी ज्या मुलीकडे त्याचं कार्ड गेलं तिला विचारलं, तिने लगेच परत दिलं, पण मग आणखी चार-पाच जण आपापलं मागायला लागले. त्यांना समजावण्यात जरा वेळ गेला. बाकीच्या बहुतेकांना दुसऱ्याचं कार्ड मिळाल्याचा आनंदच होता, दोन-तीन जणींनी तर कुणाचं आहे ते शोधून काढून त्याच्यावर नाव लिहून घेतलं.

भेळ कुरकुरीत राहिली आणि सगळ्यांना एकाच वेळी मिळाली. थोडे कुरमुरे उरले ते चौथीला गेले.

पुढच्या वेळी काय बदलायचं

बाईंशी नंतर बोलणं झालं तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट कार्डाची सांगितली. प्रश्नपत्रिकेची कोरी बाजू भरपूर होती, मग अर्ध्या कागदाचे दोन तुकडे देऊन एक स्वतःला आणि एक द्यायला करता आलं असतं. ठसेकामाला पाच मिनिटं जास्त लागली असती, रडणं टळलं असतं. आणि मुलांना सुरुवातीलाच सांगायचं की कुठलं देणार आहोत, शेवटी नाही. यावर मी आणखी एक म्हटलं, की देणाऱ्याने मागच्या बाजूला आपलं नाव लिहावं, ज्यांना लिहायला अडचण आहे त्यांच्यासाठी अंगठ्याचा ठसा.

क्रमही बदलायला हवा. रंगाचं काम आणि लगेच भेळ हे जवळजवळ ठेवल्याने हात धुणं फार महत्त्वाचं झालं. पेपरची टोपी मधे आणि ठसेकाम अगदी सुरुवातीला घेतलं असतं तर रंग वाळायला वेळ मिळाला असता, कारण काही कार्डं ओलीच फिरवली गेली आणि एकमेकांना चिकटली. पण सुरुवातीलाच ठसेकाम म्हणजे गट नीट बसायच्या आधी रंग हातात, त्याचा धोका बाईंना जास्त वाटतो. यावर आमचं एकमत झालेलं नाही. माझं म्हणणं आहे की बादल्या आणि गटप्रमुख आधीपासून ठरलेले असतील तर चालेल, त्या म्हणतात साठ मुलांत नाही चालणार, आधी टोपीच हवी कारण टोपी करताना गट एकमेकांशी जुळतात.

गटप्रमुखांच्या बाबतीत मात्र दोघींचं एकच मत, आदल्या दिवशी त्यांना टोपी करायला शिकवली तशी दुसऱ्याला शिकवायची कशी हेही पाच मिनिटं शिकवायचं. एकाने गटप्रमुख आणि दुसऱ्याने मूल बनून करून बघायचं, दुसऱ्याच्या कागदाला हात न लावता. आणि लहान भावंडांसाठी एक वेगळी सतरंजी आणि खडू-पाटी ठेवायची, कारण समितीच्या ताई बादल्यांवर गेल्या तेव्हा ती चारही जणं रंगाच्या झाकणांभोवती जमली होती आणि त्यातल्या एकाने लाल रंगाची बोटं तोंडात घातली. पोस्टर कलरच्या बाटलीवर विषारी नाही असं लिहिलंय का ते विकत घेतानाच बघून घ्यावं, आमच्या बाटल्यांवर होतं म्हणून तोंड धुवून निभावलं.

शाळा उघडण्याआधीच्या कामांची यादी बाईंनी आता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीय: सुट्टी लागायच्या आधीच पेपर जमवायला सांगायचे, भेंडीची झाडं कुणाच्या रानात आहेत ते विचारून ठेवायचं, आणि बादल्या चार नाही सहा.